फॉर्ममधला ‘प्रायॉरिटी’चा ड्रॉपडाऊन आधी काढून टाका

एकच इंजिनिअरिंग टीम आणि तिच्याकडे कामं घेऊन येणारी पाच-सहा डिपार्टमेंटं, फायनान्स, सपोर्ट, मार्केटिंग, एचआर वगैरे, असा संसार असला की कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच की आता एक फॉर्म करूया बाबा. तोवर कामं चॅटवर येत असतात, मीटिंग संपता संपता "अरे जरा एक मिनिट" म्हणत येत असतात, आणि ज्याची एखाद्या डेव्हलपरशी ओळख जास्त त्याचं काम आधी होत असतं. मग फॉर्म येतो. त्यात नाव, डिपार्टमेंट, "काय हवंय" असा एक मोठा डबा, आणि खाली ड्रॉपडाऊन: लो, मीडियम, हाय, क्रिटिकल.

थोड्याच महिन्यांत जवळजवळ सगळी तिकिटं हाय नाहीतर क्रिटिकल झालेली असतात आणि टीम तो रकाना बघायचाच सोडून देते. यात कोणी खोटं बोलत नसतं बरं का. भरणाऱ्याला फक्त स्वतःचं डिपार्टमेंट दिसतं, तिथे ते काम खरंच सगळ्यात महत्त्वाचं असतं. हाय निवडायला काही खर्च नाही, आणि ज्याने प्रामाणिकपणे मीडियम निवडलं त्याचं काम मागे पडलं हे त्याने एकदा बघितलं की पुढच्या वेळी तोही हायच निवडणार. म्हणजे ज्या रकान्यात सगळे एकच उत्तर देतात त्यातून कळत काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की फॉर्ममध्ये प्रायॉरिटी विचारायचीच नाही. भरणाऱ्याला जे नक्की माहीत असतं ते विचारायचं, म्हणजे काय अडलंय, कोणाचा किती वेळ जातोय, तारीख कुठून आली. आणि त्यावरून क्रम लावायचं काम टीमने करायचं, पण मनमानी नाही, उघड लिहून ठेवलेल्या नियमांनी, इतके उघड की फॉर्म भरतानाच माणसाला अंदाज यावा की आपलं काम साधारण कुठे जाणार.

आयटी सपोर्टच्या जगात आयटिल नावाची जी चौकट वापरतात तिच्यात प्रायॉरिटी थेट विचारत नाहीत. इम्पॅक्ट आणि अर्जन्सी वेगवेगळ्या बघतात आणि दोन्हींवरून प्रायॉरिटी काढतात. इम्पॅक्ट म्हणजे फटका किती मोठा, अर्जन्सी म्हणजे थांबलो तर तो किती झपाट्याने वाढतो. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. वर्षाअखेरचा कायदेशीर रिपोर्ट चुकला तर फटका प्रचंड, पण आठ महिने हातात आहेत, तर आज त्याची घाई नाही. उद्याच्या डेमोतला लोगो चुकीचा आहे, घाई आहे, पण नाही झालं तर आभाळ कोसळत नाही. एकाच ड्रॉपडाऊनमध्ये या दोन्ही गोष्टी कोंबल्या की दोन्हींवर "हाय" येतं आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

फॉर्मच्या आधी एक फाटा

फॉर्म उघडला की पहिला प्रश्न एवढाच हवा: आत्ता काही बिघडलंय, काही विचारायचंय, अ‍ॅक्सेस हवाय, की नवीन काम आहे? बिघाड असेल तर मोठा फॉर्म भरायला लावायचा नाही, सरळ ऑन-कॉल माणसाकडे पाठवायचं, तिथे एक ओळ आणि एक स्क्रीनशॉट पुरे. अ‍ॅक्सेसची वाट वेगळी, कारण तिथे इंजिनिअरने ठरवायचंच नसतं, ज्याचा डेटा त्याची परवानगी लागते. प्रश्न असेल तर चॅटचं चॅनल आहेच. खरा फॉर्म फक्त नवीन कामासाठी. हा फाटा नसेल तर पासवर्ड रीसेट आणि तीन आठवड्यांचा प्रोजेक्ट एकाच रांगेत एकामागे एक उभे राहतात.

काय विचारायचं

पहिला प्रश्न: तुम्हाला काय करायचंय आणि ते आत्ता का होत नाहीये? आणि त्याच्या खाली लगेच वेगळा, ऐच्छिक रकाना: तुमच्या डोक्यात काही उपाय असेल तर इथे लिहा. हा दुसरा रकाना अनेकांना फालतू वाटतो पण तो फार कामाचा आहे, कारण लोक उपाय डोक्यात घेऊनच येतात आणि तो लिहायला वेगळी जागा दिली नाही तर पहिल्याच रकान्यात "एक बटण द्या" असं लिहून मोकळे होतात, मग नेमकं काय अडलंय हे शोधायला दोन मीटिंगा जातात.

दुसरा: आज हे काम कसं भागवता? किती जण, किती वेळा, दर वेळी साधारण किती मिनिटं? माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. "खूप वेळ जातो" यावर काही ठरवता येत नाही, पण "रोज दोघं, प्रत्येकी ४० मिनिटं" यावर येतं. आणि कधीकधी हे लिहितानाच माणसाच्या लक्षात येतं की आपलं काम महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांचं आहे, मग तो स्वतःच फॉर्म बंद करतो.

तिसरा: ठरावीक तारीख आहे का, आणि त्या तारखेला काय होतं? दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर सक्तीचं. "सरकारी फाइलिंगची शेवटची तारीख", "जाहिरातीचे पैसे भरून झालेत", ही खरी उत्तरं. "साहेबांना हवंय", "लवकरात लवकर", "तिमाहीच्या आत" यातून तारीख निघत नाही, आणि नियमात तसं स्पष्ट लिहायचं की कारण नसेल तर तारीख नाही असंच धरलं जाईल.

चौथा: हे कधीच झालं नाही तर काय होईल? प्रश्न जरा खडूस वाटतो, पण धोक्याच्या गोष्टी बाहेर येतात त्या इथेच. खाली एक उदाहरण येतंय त्यात दिसेल.

पाचवा: यात ग्राहकांची खासगी माहिती, पैशांचे व्यवहार किंवा कोणाचे अधिकार यांना हात लागतो का? हो, नाही, माहीत नाही. हा "माहीत नाही" विसरू नका. तो पर्याय नसला तर लोक अंदाजपंचे "नाही" ठोकतात आणि ते चुकीचं "नाही" महागात पडतं.

सहावा: प्रश्नांची उत्तरं कोण देणार आणि काम झाल्यावर तपासून "हो, हेच हवं होतं" कोण म्हणणार? एकच माणूस, नावासकट, "फायनान्स टीम" असं नाही. आणि सोबत एक खरं उदाहरण, स्क्रीनशॉट किंवा एखादा ऑर्डर नंबर.

बस. काय विचारायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं: कुठल्या सिस्टिममध्ये बदल लागेल हे विचारायचं नाही, त्यांना माहीत नसतं. किती दिवसांचं काम आहे हे विचारायचं नाही, तेही माहीत नसतं. "बिझनेस व्हॅल्यू दहापैकी किती" हे तर अजिबातच नको, तो प्रायॉरिटीचाच ड्रॉपडाऊन आहे, नुसता वेष बदललेला. आणि लॉगिनवरून जे कळतं, नाव, डिपार्टमेंट, मॅनेजर, ते परत टाइप करायला लावलं की माणूस तिथेच वैतागतो. फॉर्म लोकांपुढे ठेवण्याआधी फायनान्समधल्या एखाद्याला तो भरायला द्या आणि शेजारी गप्प बसून नुसतं बघा, जिथे तो थबकून "म्हणजे काय लिहू?" विचारेल तो प्रश्न बदलायचा.

ट्रियाज म्हणजे ठराविक क्रमाने विचारलेले प्रश्न

युद्धात जखमींचा क्रम लावायची पद्धत, म्हणजेच ट्रियाज, रूढ करण्याचं श्रेय नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दोमिनिक लारे याला देतात, आणि त्याचा मुद्दा असा होता की जखम किती गंभीर आहे ते बघायचं, जखमीचा हुद्दा नाही. ऑफिसात नेमकं याच्या उलट होतं, म्हणून नियम लिहून ठेवावे लागतात.

प्रत्येक तिकीट एकाच क्रमाने तपासायचं. आत्ता या क्षणी नुकसान चालू आहे का, म्हणजे पैसे चुकीचे जातायत, डेटा बाहेर दिसतोय, एखादं डिपार्टमेंट ठप्प आहे? असेल तर रांग नाही, ऑन-कॉल, आजच. नसेल तर, हे आपलं काम आहे का? नसेल तर योग्य टीमकडे आपणच नेऊन द्यायचं आणि मागणाऱ्याला कळवायचं, "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून परत पाठवलं की तो माणूस पुढच्या वेळी फॉर्मकडे फिरकत नाही. मग, ठरवायला पुरेशी माहिती आहे का? नसेल तर सगळे प्रश्न एकदम, एकाच मेसेजमध्ये विचारायचे, आणि दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तिकीट बंद, नंतर कधीही उघडता येईल असं. मग, कोड न लिहिता भागेल का? बऱ्याच वेळा रिपोर्ट आधीच असतो आणि मागणाऱ्याला तो दिसायची परवानगी नसते, इतकंच.

एवढ्या चाळण्यांतून जे खाली उरतं त्याचा क्रम लावायचा. खरी तारीख असेल तर तारखेची रांग, नाहीतर साधी रांग, आणि साध्या रांगेत किती तास वाचतात विरुद्ध किती दिवस लागतात. कामाचा अंदाज लहान, मध्यम, मोठं एवढाच ठेवायचा, ज्याचा निकाल काठावर आहे त्याचेच दिवस काढत बसायचे. आणि "नाही" हेही एक उत्तर आहे, त्याबद्दल पुढे.

हे करतं कोण? दर आठवड्याला एक इंजिनिअर पाळीने, सोबत प्रॉडक्ट मॅनेजर किंवा टीम लीड, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास. कायमचा एकच माणूस ठेवला की महिन्याभरात सगळे फॉर्म सोडून त्यालाच मेसेज करायला लागतात. प्रत्येक निर्णयासोबत तिकिटावर एक ओळ कारण लिहायचं. आणि वचन द्यायचं ते पहिल्या उत्तराचं: दोन कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला कळेल की काम कुठल्या रांगेत आहे. काम पुरं कधी होईल याचं वचन ट्रियाजमध्ये द्यायचं नाही, तिथे बसलेल्यांना ते माहीत नसतं.

चार तिकिटं, एक सोमवार

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. समजा सोमवारी सकाळी चार तिकिटं पडली आहेत.

फायनान्सचं: "ऑर्डरच्या डॅशबोर्डवर एक्सेलला एक्सपोर्टचं बटण द्या, अर्जंट." सपोर्टचं: "रिफंडच्या बटणाला ‘नक्की करू का?’ असा पॉपअप द्या, कधी जमेल तेव्हा." मार्केटिंगचं: "साइनअपच्या पानावर नवीन कॅम्पेनचा सोर्स नोंदवला गेला पाहिजे, कॅम्पेन १५ कामकाजाच्या दिवसांनी सुरू होतंय." एचआरचं: "नवीन माणूस जॉइन झाला की त्याची सगळी खाती आपोआप तयार व्हावीत."

जुना ड्रॉपडाऊन असता तर फायनान्स पहिलं आणि सपोर्ट शेवटचं गेलं असतं. पण सपोर्टच्या तिकिटात "काय अडलंय" या रकान्यात लिहिलंय की या महिन्यात काही ग्राहकांना रिफंड दोनदा गेला, एजंटने बटण दोनदा दाबलं असावं. म्हणजे पैसे आत्ता चुकीचे बाहेर जातायत. ट्रियाजच्या पहिल्याच प्रश्नाला हे तिकीट अडकतं आणि ऑन-कॉलकडे जातं. बघितल्यावर कळतं की सिस्टिम हळू असली की बटण दाबल्यावर काही सेकंद काहीच होत नाही, एजंटला वाटतं दाबलं गेलं नाही, तो परत दाबतो आणि सर्व्हरला दोन वेगळ्या रिक्वेस्ट मिळतात. पॉपअपने हे पुरतं थांबलं नसतं, एजंटने दुसऱ्यांदाही "हो" दाबलं असतं. त्याच दिवशी, एकदा दाबलं की बटण बंद होईल एवढं करून टाकायचं, आणि मग खरी दुरुस्ती सर्व्हरवर: प्रत्येक रिफंडला स्वतःची एक वेगळी ओळख-की द्यायची, तीच की परत आली तर दुसरा रिफंड निघणारच नाही. मागणाऱ्याने सौम्य भाषेत लिहिलं म्हणून हे तिकीट तळाला गेलं असतं हा भाग मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण ओरडणाऱ्याचं काम आधी हा फक्त अन्याय नाही, त्यात आगही दिसत नाही.

फायनान्सचं आता. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी लिहिलंय की रोज दोन जण प्रत्येकी ४० मिनिटं डॅशबोर्डवरच्या ओळी कॉपी करून शीटमध्ये टाकतात आणि पेमेंट गेटवेकडून आलेल्या सेटलमेंट फाइलशी जुळवतात. रोज ८० मिनिटं, महिन्याचे २२ दिवस धरले तर साधारण २९ तास. आकडा मोठा आहे, म्हणजे काम खरंय. पण बटण दिलं असतं तर? डॅशबोर्ड ऑर्डर कधी आली त्या तारखेने दाखवतो, गेटवे पैसे कधी जमा केले त्या तारखेने फाइल देतो, आणि तीही स्वतःची फी कापून, शिवाय डॅशबोर्डवर रिफंड झालेल्या ऑर्डरी दिसतच नाहीत. म्हणजे एक्सपोर्ट केलेली बेरीज फाइलशी जुळलीच नसती आणि दोन आठवड्यांनी "बटणात बग आहे" असं नवीन तिकीट आलं असतं. त्यांना हवंय ते जुळवणं. तर रोज रात्री एक सीएसव्ही, ज्यात प्रत्येक ओळीवर गेटवेचा ट्रान्झॅक्शन नंबर, मूळ रक्कम, फी, रिफंड आणि जमा झाल्याची तारीख. अंदाज चार दिवसांचा, म्हणजे ३२ तास. महिन्याला २९ तास कॉपी करण्यातले वाचतात, तर पाचएक आठवड्यांत वसूल. साध्या रांगेत वर. "अर्जंट" या शब्दाची गरजच पडली नाही, आकड्याने काम केलं.

मार्केटिंगची तारीख खरी आहे, जाहिरातीची जागा विकत घेऊन झालीय. पण तारीख खरी असणं म्हणजे आज सुरू करणं नव्हे, इथे बरेच जण घसरतात. उलटं मोजायचं: काम दोन दिवस, त्यांची तपासणी दोन दिवस, आडवंतिडवं काही निघालं तर तीन दिवस मोकळे, एकूण सात. १५ मधून ७ गेले, म्हणजे आठ कामकाजाचे दिवस हे तिकीट निवांत पडून राहू शकतं, त्यानंतर मात्र ते कोणासाठीही मागे सरकणार नाही. हे तिकिटावर लिहून टाकायचं, "या दिवशी सुरू होईल". तेवढं दिसलं की रोजचं "कुठवर आलं?" बंद होतं.

एचआरचं तिकीट सगळ्यात शिकवणारं. महिन्याला चार नवीन लोक, प्रत्येकामागे २० मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. सगळ्या सिस्टिम जोडून आपोआप खाती करायची तर निदान आठ दिवस, म्हणजे ६४ तास. हिशोब केला तर वसूल व्हायला ४८ महिने, चार वर्षं, आणि तोवर यातल्या दोन सिस्टिम बदललेल्या असतील. उत्तर नाही. पण नुसतं "नाही" लिहून सोडायचं नाही, त्यासोबत अट लिहायची: महिन्याला तीसच्या वर लोक यायला लागले की परत घेऊन या, तोवर ही चेकलिस्ट. अशी अट घातलेलं "नाही" लोक पचवतात, कारण ते त्यांच्या आकड्यावर अवलंबून आहे, आपल्या मूडवर नाही.

पण थांबा, चौथा प्रश्न: हे कधीच झालं नाही तर काय होईल? तिथे त्यांनी जाता जाता लिहिलंय की सोडून गेलेल्या लोकांची खाती कधीकधी काही दिवस चालूच राहतात. हे तासांच्या हिशोबात कुठेच येत नाही आणि हे एक वेगळं तिकीट आहे, शिवाय पाचव्या प्रश्नातल्या अधिकारांशी थेट संबंधित. तर आजच चालू खात्यांची यादी सोडून गेलेल्यांच्या यादीशी एकदा हाताने ताडून उघडी खाती बंद करायची, आणि पुढे रोज सकाळी हीच तुलना आपोआप होऊन फरक असेल तर मेल जाईल एवढं करायचं, एका दिवसाचं काम. मागितलेलं नाकारलं आणि न मागितलेलं वर घेतलं, एकाच फॉर्ममधून. नुसता "काय हवंय" असा डबा असता तर हे वाक्य आलंच नसतं.

मधूनच येणाऱ्यांचं काय

नियम कितीही छान असले तरी एक दिवस कोणीतरी वरचा माणूस थेट येतो आणि म्हणतो हे आजच पाहिजे. त्याला नाही म्हणायची गरज नाही, त्यासाठी कानबान नावाच्या कामाच्या पद्धतीत एक्स्पिडाइट नावाची वेगळी लेन असते. पण तिला दोन अटी. एका वेळी त्यात एकच काम. आणि ते आत येताना काय बाहेर जातंय त्याचं नाव घ्यायचं: "हे घेतो, मग फायनान्सची फाइल चार दिवस पुढे जाईल, फायनान्सच्या हेडशी एकदा बोलून घ्याल का?" बऱ्याचदा हा फोन होतच नाही आणि काम मुकाट्याने साध्या रांगेत बसतं. दोन डिपार्टमेंटांमधलं भांडण इंजिनिअरने सोडवायचं नसतं, त्याने फक्त ते दिसेल असं मांडायचं असतं.

चॅटवर येणाऱ्यांना "फॉर्म भरा" असं तुटक उत्तर देऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे त्या आठवड्याच्या ट्रियाजवाल्याने स्वतःच त्यांच्या वतीने फॉर्म भरायचा, लिंक पाठवायची आणि म्हणायचं "दोन उत्तरं तुमच्याकडून हवीत, इथेच लिहा". लोकांना फॉर्मचा त्रास नसतो, फॉर्ममध्ये टाकलं की काम गायब होतं ही भीती असते, आणि दोन दिवसांत उत्तर येतंय हे दोनदा अनुभवलं की ती बऱ्यापैकी जाते.

फॉर्मला जे जमत नाही ते

फॉर्मने टीमचे हात वाढत नाहीत. हे उघड आहे पण फॉर्म आला की सगळेच विसरतात. समजा आठवड्याला नऊ कामं रांगेत येतात आणि सहा पुरी होतात, तर दर आठवड्याला रांग तीनने वाढते, दहा आठवड्यांत तीस. तीस कामं आणि आठवड्याला सहाचा वेग, म्हणजे आज शेवटी उभं राहिलेल्याला पाच आठवडे थांबणं आहे. रांगेच्या गणितात याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटलने १९६१ मध्ये तो सिद्ध केला, आणि रांग फार वेगाने वाढत-घटत नसेल तर कुठल्याही रांगेला तो लागू होतो:

```
सरासरी थांबा = रांगेतली कामं ÷ आठवड्याला पुरी होणारी कामं
```

यात क्रम कसाही लावा, येणारं पुऱ्या होणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर रांग वाढणारच. म्हणजे "नाही" जास्त वेळा म्हणावं लागेल नाहीतर माणसं वाढवावी लागतील. फॉर्मचा उपयोग इतकाच की हा आकडा वरच्यांसमोर ठेवता येतो, आधी तो कुठे नव्हताच. आणि सहा-सहा महिने हात न लागलेली तिकिटं कळवून बंद करून टाकावीत, भिजत घोंगडं ठेवण्यापेक्षा बरं, ज्याला खरंच हवं असेल तो परत उघडतो.

दुसरी मर्यादा, तासांचा हिशोब लहान डिपार्टमेंटांवर अन्याय करतो. तिघांच्या टीमचा वेळ पन्नास जणांच्या सपोर्टपुढे कधीच जिंकणार नाही. त्यावर मला एकच उपाय पटतो, दर तिमाहीत थोडा वेळ, समजा दहावा हिस्सा, अशा कामांसाठी वेगळा काढून ठेवायचा आणि त्यात आकडा न बघता सगळ्यात जुनं तिकीट आधी घ्यायचं. आणि ज्यांना नीट लिहिता येतं त्यांचीच कामं पुढे जातात हाही धोका आहेच, म्हणून उत्तर तोकडं वाटलं तर ट्रियाजवाल्याने सरळ फोन करावा आणि रकाना स्वतः भरावा.

चाललंय की नाही हे कळायला डॅशबोर्ड वगैरे नको. किती तिकिटांवर आपलं पहिलं उत्तर प्रश्नच होता ते बघा. खूप असतील तर फॉर्ममधला कुठला तरी प्रश्न नीट विचारलेला नाही, आणि परत परत काय विचारावं लागतंय यावरून तो कुठला तेही कळतं. टीमने केलेल्या कामांपैकी किती फॉर्मशिवाय आत आली ते बघा, हा आकडा वाढत असेल तर लोकांनी मागचं दार शोधलंय. एक्स्पिडाइटची लेन महिन्यातले किती दिवस भरलेली होती ते बघा, ती कायम भरलेली असेल तर प्रायॉरिटीचा ड्रॉपडाऊन तिथून परत आलाय असं समजा.

आणि दर तीन महिन्यांनी फॉर्म उघडून एकेका प्रश्नावर बोट ठेवून विचारा की याच्या उत्तरामुळे इतक्यात एखादा तरी निर्णय बदलला का. नसेल बदलला तर तो प्रश्न काढून टाका. दर वेळी कोणीतरी म्हणेल की राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल, रिपोर्टिंगला लागेल, तरी काढा, कारण असं करत करत सहाचे सोळा प्रश्न होतात आणि लोक परत चॅटवर "अरे जरा एक मिनिट" म्हणायला लागतात.